आयएनआर २.१ आला, तरी हेपॅरिनचं सलाईन का काढत नाहीत?

सुहास_क (गुरुवार, सकाळी ११:४०)

आईच्या डाव्या पायाच्या खोल शिरेत गुठळी निघाली, म्हणून सोमवारी दुपारी तिला दाखल केलं. वजन ६० किलो. आधी हेपॅरिनचे ४८०० युनिट एकदम शिरेतून दिले आणि मग पंपावर तासाला १०८० युनिट सुरू केले. सहा तासांनी रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणारी एपीटीटी तपासणी केली, ती ३० सेकंदांवरून ६८ वर गेली होती. ड्यूटीवरच्या डॉक्टर म्हणाल्या, छान, लागू झालं.

त्याच संध्याकाळी सातला वॉरफरिनची ५ मिग्रॅची गोळी सुरू झाली. आज सकाळी सातला रक्त घेतलं, वॉरफरिन कितपत लागू झालं ते सांगणारा आयएनआर २.१. आम्हाला सांगितलं होतं की तो २ ते ३ मध्ये हवा. मग आला की! तरी सलाईन काढायला तयार नाहीत. "पाच दिवस होऊ द्या" एवढंच उत्तर. आईचा हात सुजलाय, तीनदा सुई बदलून झाली.

दोन्ही औषधं "रक्त पातळ करणारी" आहेत ना? मग एकाला सहा तास आणि दुसऱ्याला पाच दिवस का लागतात? आणि आकडा आल्यावर थांबायचं कशासाठी?

---

कट्ट्यावरचा (१२:०५)

सोपं आहे हो. हेपॅरिन थेट शिरेत जातं, वॉरफरिन पोटातून. पोटातून जाणाऱ्याला वेळ लागणारच. शिवाय हेपॅरिन गुठळी विरघळवतं, वॉरफरिन फक्त नवीन होऊ देत नाही. म्हणून गुठळी विरघळेपर्यंत सलाईन.

---

वामन (१२:३१)

मला दोन वर्षांपासून ॲस्पिरिनची छोटी गोळी सुरू आहे. ती पण रक्त पातळ करते. हेपॅरिनऐवजी ती घेतली तर सुईचा त्रास वाचेल का? डॉक्टरांना विचारून बघा.

---

माधवी (१:१५)

वामनकाका, ॲस्पिरिनचं काम बिंबाणूंवर. ती गोष्ट वेगळी, आणि शिरेतल्या एवढ्या गुठळीवर ती पुरत नाही. या धाग्यात बाजूला ठेवू या.

कट्ट्यावरचा, दोन्ही मुद्दे अर्धे बरोबर आहेत. वॉरफरिन पोटातून जातं हे खरं, पण ते जवळजवळ पूर्ण शोषलं जातं आणि चारेक तासांत रक्तातली पातळी टोकाला पोचते. शिरेतून द्यायचं वॉरफरिनही निघालं होतं, आणि त्यानेही परिणाम लवकर येत नसे. म्हणजे उशीर वाटेत होत नाही, पोचल्यावर होतो. आणि हेपॅरिन गुठळी विरघळवत नाही. ती वाढू देत नाही, एवढंच. विरघळवण्याचं काम शरीर स्वतःच्या वेगाने करतं.

मी औषधशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त आहे. त्यामुळे जरा लांबण लागली तर सांभाळून घ्या.

हेपॅरिन स्वतः रक्त गोठणं थांबवत नाही, इथून सुरुवात करू. ते थांबवणारं प्रथिन आपल्या रक्तात आधीपासून फिरत असतं: अँटीथ्रॉम्बिन. यकृत ते बनवतं. फक्त ते मुलखाचं आळशी आहे.

आळशी का, तर त्याच्या रचनेमुळे. थ्रॉम्बिन ही एक कात्री आहे. ती फायब्रिनोजेनला ठरावीक जागी कापते आणि त्यातून फायब्रिनचे धागे होतात. अँटीथ्रॉम्बिनच्या अंगावर एक लूप असतो, त्यावर थ्रॉम्बिनला कापायला आवडेल अशी जागा असते. थोडक्यात आमिष. थ्रॉम्बिन ती जागा कापायला जातं, निम्मं कापतं, आणि तेवढ्यात तो लूप झटक्यात अँटीथ्रॉम्बिनच्या पोटात शिरतो. जाताना थ्रॉम्बिनला ओढत पार दुसऱ्या टोकाला नेऊन आपटतो. थ्रॉम्बिनचा आकारच बिघडतो. अर्धवट कापलेला बंध तसाच राहतो आणि दोघं कायमची जोडली जातात. उंदराचा सापळाच म्हणा, फक्त हा एकदाच चालतो.

पण एरवी त्या लूपचं एक टोक अँटीथ्रॉम्बिनच्या अंगात थोडं खोचलेलं असतं. आमिष आहे, पण पुढे केलेलं नाही. हेपॅरिन म्हणजे साखरेच्या कड्यांची लांब साखळी, गंधकाचे भरपूर ऋण भार असलेली. या साखळीत कुठेतरी पाच कड्यांचा एक विशिष्ट क्रम असतो. तो अँटीथ्रॉम्बिनच्या एका बाजूला बसला की प्रथिन जरा मुरडतं, खोचलेलं टोक सुटतं आणि आमिष बाहेर येतं. थ्रॉम्बिन तयार करणारा फॅक्टर टेन-ए पकडायला एवढं पुरतं, वेग साधारण ३०० पटींनी वाढतो.

थ्रॉम्बिनसाठी मात्र एवढ्याने भागत नाही. त्याला त्याच साखळीवर बसायला जागा लागते. थ्रॉम्बिन साखळीवर चिकटतं, तिच्यावरून सरकत सरकत अँटीथ्रॉम्बिनपर्यंत येतं आणि सापडतं. त्यासाठी साखळी किमान १८ कड्यांची हवी. तेवढी असली की वेग हजार पटींच्या वर जातो. तुमच्या आईला पंपावर जे साधं हेपॅरिन चालू आहे, त्यात अशा लांब साखळ्या भरपूर असतात. पोटात टोचायच्या छोट्या हेपॅरिनमध्ये बऱ्याच साखळ्या आखूड, म्हणून ते टेन-एवर जास्त आणि थ्रॉम्बिनवर कमी चालतं.

आता वेगाचं उत्तर. थ्रॉम्बिन सापडलं की अँटीथ्रॉम्बिनची हेपॅरिनवरची पकड ढिली होते. हेपॅरिन सुटतं आणि पुढच्या अँटीथ्रॉम्बिनला जाऊन लागतं. स्वतः खर्च होत नाही. सापळे रक्तात तयार, उंदीर तयार, हेपॅरिन येऊन फक्त चाप ओढतं. काही नवीन बनवायचं नाही, जुनं काही संपायची वाट पाहायची नाही. म्हणून सुई टोचल्यावर काही मिनिटांत परिणाम.

वॉरफरिनचं नंतर लिहिते, कुकर लावलाय.

---

स्लाइडवाला (२:२०)

माधवीताई, सापळा आवडला. मी प्रयोगशाळेत काम करतो. नवीन पोरांना मी हे नळ्यांवर दाखवतो. हिरव्या झाकणाच्या नळीत आतून हेपॅरिन फासलेलं असतं. त्यात रक्त घेऊन नळी आठ-दहा वेळा हळू उलटीसुलटी केली की रक्त पातळ राहतं. उलटीसुलटी केली नाही तर हेपॅरिनच्या नळीतसुद्धा तळाशी गाठ धरते आणि नमुना वाया जातो. हे माझ्या हातून पहिल्या आठवड्यात झालंय, शिव्यांसकट लक्षात आहे.

वॉरफरिनची नळी कधीच का नसते, याचा विचार करून बघा.

सुहास, एक विचारायचं राहिलं. सकाळचं रक्त कोणत्या हातातून घेतलं? ज्या हातात पंप चालू आहे त्याच हातातून, किंवा सुईच्या लाइनमधून घेतलं असेल, तर एपीटीटी आणि आयएनआर दोन्हींवर भरवसा ठेवू नका. आयएनआरच्या रसायनात हेपॅरिन निष्प्रभ करणारा पदार्थ घातलेला असतो, त्यामुळे उपचाराच्या नेहमीच्या डोसचा त्रास होत नाही. पण लाइनमधलं भसाभस हेपॅरिन त्याला झेपत नाही.

---

सुहास_क (२:४१)

दुसऱ्या हातातून, नवीन सुई टोचून. मी समोरच होतो.

---

स्लाइडवाला (२:४४)

मग २.१ खरा.

---

ऋग्वेदची आई (३:३०)

माधवीताई, तुमचं वाचून अंगावर काटा आला. माझ्या मुलाला नेफ्रोटिक सिंड्रोम आहे, लघवीतून प्रथिनं जातात. गेल्या वर्षी त्याच्या किडनीच्या शिरेत गुठळी झाली, तेव्हा हेपॅरिनचा डोस दोनदा वाढवला तरी एपीटीटी हलेना. आम्हाला वाटलं औषधच खराब आहे. भांडणसुद्धा झालं. मग कुणीतरी अँटीथ्रॉम्बिन तपासलं, ते ३८ टक्के निघालं. म्हणजे ते लघवीतून जात होतं?

---

माधवी (५:५०)

हो, आकाराने ते अल्ब्युमिनच्या जवळपासच असतं. अल्ब्युमिन गळतं तिथून तेही गळतं. सापळेच कमी, मग चाप ओढणारा कितीही आणा.

पण सगळा दोष त्याच्याच माथी मारायला मी धजणार नाही. आजारपणात फॅक्टर एट हे गोठण्याचं एक प्रथिन खूप वाढतं. ते वाढलं की एपीटीटी मुळातच आखूड होते, आणि हेपॅरिन नीट काम करत असूनही आकडा हलत नाही. शिवाय आजारात वाढणारी काही प्रथिनं हेपॅरिनला नुसतीच चिकटून बसतात. यातलं काय झालं हे कळायला, हेपॅरिनमुळे टेन-ए किती अडतो ते मोजणारी अँटी-टेन-ए तपासणी उपयोगी पडते. ती चांगली आणि एपीटीटी कमी, तर फॅक्टर एटवर संशय. दोन्ही कमी, तर अँटीथ्रॉम्बिन किंवा चिकटणारी प्रथिनं. केली होती का?

---

ऋग्वेदची आई (६:१२)

फाइलमध्ये आहे, ०.४ लिहिलंय. डॉक्टर म्हणाले होते, ही बरी आहे.

---

स्लाइडवाला (६:३०)

एक मेख आहे. अँटी-टेन-एच्या काही किटमध्ये अँटीथ्रॉम्बिन बाहेरून घातलेलं असतं. अशा किटमध्ये नळीतलं हेपॅरिन किती आहे ते बरोबर कळतं, पण रुग्णाच्या अंगात ते चालतंय का हे कळत नाही, कारण सापळे आपणच पुरवलेत. कोणतं किट होतं हे कळल्याशिवाय ०.४ वरून काही म्हणता येणार नाही.

---

माधवी (६:४१)

मान्य. हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

आता वॉरफरिन. सुहास, तुमचा खरा प्रश्न इथे आहे.

यकृत गोठण्याची जी प्रथिनं बनवतं, त्यातल्या फॅक्टर टू, सेव्हन, नाइन आणि टेन या चौघांना बाहेर पाठवण्याआधी एक शिक्का मारावा लागतो. शिक्का मारल्यावरच त्यांना कॅल्शियमच्या मदतीने बिंबाणूंच्या पृष्ठभागावर बसता येतं. बिनशिक्क्याचं प्रथिन म्हणजे खोटं नाणं, फिरतं पण चालत नाही. शिक्का मारायला व्हिटॅमिन के लागतं आणि दर शिक्क्यामागे ते निकामी होतं. एक एन्झाइम त्याला परत कामाचं करतं. वॉरफरिन त्या एन्झाइमला अडवतं. बस, एवढंच त्याचं काम.

म्हणजे वॉरफरिन टांकसाळ बंद करतं. बाजारात आधीच असलेल्या नाण्यांना हात लावत नाही. ती झिजून जाईपर्यंत चालणारच. आणि चारही नाणी सारख्या वेगाने झिजत नाहीत. फॅक्टर सेव्हन सहा तासांत निम्मा होतो. नाइनला दिवसभर लागतो, टेनला दीड दिवस. फॅक्टर टू, म्हणजे प्रोथ्रॉम्बिन, निम्मं व्हायला ६० तास तरी घेतं.

आता आईंचा हिशेब करू. टांकसाळ गोळी घेतल्याच्या क्षणी पूर्ण बंद झाली असं धरू. खरं तर ती तशी होत नाही, म्हणून प्रत्यक्षात याहून सावकाश होतं. सोमवारी संध्याकाळी सात ते गुरुवारी सकाळी सात, बरोबर ६० तास. तेवढ्यात सेव्हन दहा वेळा निम्मा झाला, कागदावर तरी संपल्यातच जमा. प्रोथ्रॉम्बिन एकदाच निम्मं झालं. म्हणजे निदान ५० टक्के अजून शिल्लक.

आणि आयएनआर काय मोजतो? त्या तपासणीत रक्तद्रवात टिश्यू फॅक्टर घालतात आणि गोठण्याची सुरुवात फॅक्टर सेव्हनपासून होते. सेव्हन पडला की वेळ लांबते, आकडा वाढतो. तुमचा २.१ मुख्यतः सेव्हन गेल्याचं सांगतोय. पण गुठळी वाढेल की नाही हे प्रामुख्याने प्रोथ्रॉम्बिनवर ठरतं, कारण थ्रॉम्बिन त्यातूनच होतं. सशांवर एकेक फॅक्टर वेगळा पाडून प्रयोग झाले, त्यातही मुख्य बचाव प्रोथ्रॉम्बिन उतरल्यामुळे आणि थोडाफार टेनमुळे मिळतो असंच दिसलं.

शनिवारी संध्याकाळी सातला १२० तास होतील. प्रोथ्रॉम्बिन दोनदा निम्मं, कागदावर २५ टक्के. पाच दिवस इथून येतात. म्हणून किमान पाच दिवस दोन्ही चालू ठेवायची, आणि शिवाय आयएनआर २ च्या वर निदान २४ तास टिकलेला हवा.

---

कट्ट्यावरचा (७:२०)

ताई, शिक्क्याचं पटलं. पोटाचं विसरा. पण मग गोळी दुप्पट का नाही देत? १० मिग्रॅ दिली की पाचाचे अडीच दिवस.

---

माधवी (८:०५)

नाही होत. टांकसाळ बंदच असेल तर आणखी कुलपं लावून जुनी नाणी लवकर झिजत नाहीत. मोठ्या डोसने सेव्हन भराभर पडेल, आयएनआर उड्या मारेल, आणि प्रोथ्रॉम्बिन आपल्याच चालीने जाईल. काही तरुण, धडधाकट रुग्णांना डॉक्टर १० ने सुरुवात करतात, पण ते लक्ष्य लवकर गाठण्यासाठी. पाच दिवस त्यांनाही चुकत नाहीत.

उलट एक धोका वाढतो. त्याच टांकसाळीत प्रोटीन सी नावाचं नाणंही बनतं. त्याचं काम गोठणं आवरण्याचं, आणि ते आठेक तासांतच निम्मं होतं. म्हणजे पहिल्या दोन-तीन दिवसांत ब्रेक आधी जातो आणि प्रोथ्रॉम्बिन मात्र शाबूत. अशा वेळी हेपॅरिनचं पांघरूण नसेल तर गुठळी वाढू शकते. क्वचित कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडून तो भाग काळा पडतो. बहुतेक वेळा तिसऱ्या ते आठव्या दिवसात, आणि मांडी, पोट, स्तन अशा चरबीच्या जागी. सुहास, घाबरवायला नाही लिहीत. दुर्मीळ आहे. पण सलाईन गुरुवारी का काढत नाहीत याचं हेही एक कारण.

---

जुई (९:१०)

मग आयएनआरच्या भरवशावर का बसतात? सरळ प्रोथ्रॉम्बिनच मोजावं ना. तीन दिवसांत उतरलं तर तीन, सात लागले तर सात. पाच हा आकडा सगळ्यांना सारखा कसा लागू?

---

स्लाइडवाला (९:३५)

मोजता येतं. फॅक्टर टू किंवा टेन वेगळा मोजायच्या पद्धती आहेत आणि काही विशेष रुग्णांत, जिथे आयएनआरच फसवतो, तिथे वापरतातही. रोजच्या कामात नाही. एकेका फॅक्टरची तपासणी बसवायला वेळ लागतो, आणि रात्री दोनला ती करणारा माणूस जागेवर नसतो.

---

माधवी (९:५२)

जुई, प्रश्न रास्त आहे. यकृत आधीच कमजोर असलेल्यांत प्रोथ्रॉम्बिन मुळात कमी असतं, त्यांचा हिशेब वेगळा. पाच ही तडजोड आहे, मला तरी दुसरा शब्द सुचत नाही.

---

वामन (१०:१५)

माझ्या शेजाऱ्याला गुठळी झाली तेव्हा सुईबिई काहीच नाही. पहिल्या दिवसापासून नुसती गोळी आणि घरी. मग हे सगळं कशाला?

---

माधवी (१०:३४)

काका, या वेळी मुद्द्याचं बोललात. त्यांना बहुधा रिव्हरॉक्सॅबान किंवा अपिक्साबान दिलं असेल. ती गोळ्या असूनही टांकसाळीकडे जात नाहीत, थेट टेन-एच्या तोंडात जाऊन बसतात. अँटीथ्रॉम्बिनचीही गरज नाही. दोन ते चार तासांत परिणाम. म्हणजे गोळी हळू आणि सुई जलद असं काही नसतं. पण कृत्रिम धातूची झडप बसवलेल्यांना किंवा अँटीफॉस्फोलिपिडचा आजार, म्हणजे शरीराच्या स्वतःच्याच प्रतिपिंडांमुळे गुठळ्या होतात तो, असलेल्यांना अजून वॉरफरिनच देतात. सुहास यांच्या आईंना ते का दिलं, हे त्यांच्या डॉक्टरांनाच विचारायला हवं.

---

सुहास_क (१०:५०)

अँटीफॉस्फोलिपिडच. कागदावर वाचलं होतं, अर्थ आज लागला.

शेवटचं विचारतो. समजा मध्येच रक्तस्राव झाला तर?

---

माधवी (११:०८)

हेपॅरिन असेल तर पंप बंद करायचा. दीडेक तासात ते अर्ध्यावर येतं. घाई असेल तर प्रोटामिन देतात. ते धन भाराचं असतं, हेपॅरिनच्या ऋण साखळीला मिठी मारून तिला अँटीथ्रॉम्बिनपासून ओढून घेतं. काही मिनिटांत.

वॉरफरिनवर उतारा म्हणून व्हिटॅमिन के शिरेतून दिलं तरी काही तास जातात, कारण टांकसाळ सुरू होऊन नवी नाणी बाहेर यावी लागतात. तेवढा वेळ नसेल तर तयार फॅक्टरच बाहेरून शिरेत भरतात.

आणि एक. तुमच्या आईंना अँटीफॉस्फोलिपिड आहे, तर त्यातली प्रतिपिंडं कधी कधी तपासणीच्या नळीतच लुडबुड करतात. एपीटीटी सुरुवातीलाच लांबलेली असू शकते, काही वेळा आयएनआरही खोटा वाढतो. त्यांची सुरुवातीची ३० होती, म्हणजे निदान एपीटीटीत तरी ती लुडबुड दिसत नाही. आयएनआरबद्दल मात्र डॉक्टरांना जरूर विचारा. स्लाइडवाला म्हणाले ते "विशेष रुग्ण" हेच.

---

स्लाइडवाला (शुक्रवार, रात्री ९:०५)

काल "वॉरफरिनची नळी" म्हणालो होतो, तर आज जेवणाच्या सुट्टीत करूनच बघितलं. सहकाऱ्याने माझं रक्त काढलं आणि काचेच्या तीन साध्या नळ्यांत दोन-दोन मिली टाकलं. एकीत नुसतं सलाईनचं पाणी, दुसरीत हेपॅरिनचा थेंब, तिसरीत वॉरफरिनची गोळी चुरून सलाईनमध्ये ढवळून वरचं पाणी. दर अर्ध्या मिनिटाला नळी तिरकी करून बघत होतो.

सलाईनची सात मिनिटांत घट्ट झाली, उलटी केली तरी रक्त हललं नाही. वॉरफरिनचीही सातव्याच मिनिटाला. हेपॅरिनची नळी मी संध्याकाळी घरी निघताना बघितली, लाल पेशी खाली बसलेल्या, वर पिवळा रक्तद्रव स्वच्छ, आणि हलवली की डुचमळते.

गोळीत इतर भरताड असतं, त्यामुळे प्रयोग गावठी आहे, माधवीताई रागावतील.

---

माधवी (९:२०)

गावठी आहेच. पण नळीत यकृत नसतं, त्यामुळे शुद्ध वॉरफरिन घातलं असतंत तरी सातच मिनिटं लागली असती.

---

सुहास_क (रविवार, सकाळी ८:१५)

शनिवारी सकाळी आयएनआर २.५. संध्याकाळी साडेसातला पंप काढला. आयएनआर खोटा वाढलाय का, हे डॉक्टरांना विचारलं. त्यांनी फॅक्टर टेन मोजायला पाठवलाय, रिपोर्ट मंगळवारी येईल.

---

ऋग्वेदची आई (९:४०)

स्लाइडवाला दादा, मी त्या प्रयोगशाळेत फोन केला होता. किटचं नाव सांगतील म्हणाले, पण तिथले जुने कोणी सोमवारी येणार आहेत. कळलं की इथेच लिहिते.